रजेचं वर्ष जूनमध्ये सुरू होत नाही

१६ जून २०२३ रोजी माझी एक वर्षाची अध्ययन रजा सुरू झाली. तिचा पहिला कागद मात्र मी सप्टेंबर २०२२ मध्ये लिहिला होता, आणि त्या रजेतलं पहिलं काम मे २०२३ मध्ये, म्हणजे रजा लागण्याआधीच, उरकलं होतं. रजेवर जायचं मनात असलेलं कुणी भेटलं की मी हेच आधी सांगते. रजा बारा महिन्यांची असली तरी आखणी बावीस महिन्यांची करावी लागते, आणि त्यातले आधीचे नऊ-दहा महिने चुकले तर पुढच्या बारांचं काही खरं नसतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. पीएच.डी.साठी माण आणि खटाव तालुक्यांतल्या विहिरींच्या पाणीपातळीचा अभ्यास घेतला होता. बारा गावांतल्या छत्तीस विहिरी. पातळी वर्षातून चारदा मोजायची: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच चार महिन्यांत मोजते. माझे आकडे त्यांच्या जुन्या नोंदींशी ताडून बघायचे तर महिने तेच धरणं भाग होतं.

अडचण नेमकी तिथेच होती. ऑक्टोबरात पहिल्या सत्राच्या परीक्षा, जानेवारीत स्नेहसंमेलन आणि शिबिरं, मार्चमध्ये प्रात्यक्षिकं आणि पुन्हा परीक्षा. नोंदणी झाल्यानंतरच्या दोन वर्षांत ऑक्टोबरची फेरी मला एकदाही पुरी करता आली नव्हती. छत्तीसपैकी वीस-बावीस विहिरी व्हायच्या आणि पर्यवेक्षणाच्या कामासाठी परतावं लागायचं. अर्धी फेरी संशोधनाच्या उपयोगाची नसते, कारण पंधरा दिवसांनी उरलेल्या विहिरी मोजेपर्यंत रब्बीचा उपसा सुरू झालेला असतो आणि दोन आकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

रजा का हवी, या प्रश्नाला माझ्याकडे हे एवढं ठोस उत्तर होतं, आणि अर्जातही मी तेच लिहिलं. 'शांतपणे लेखन करता यावे म्हणून' असं कारण मी अनेक अर्जांत वाचलंय. त्यावर समितीतला माणूस साहजिकच विचारतो, की लेखन सुट्टीत का होत नाही? कामाचं वेळापत्रक आणि महाविद्यालयाचं वेळापत्रक नेमकं कोणत्या तारखांना एकमेकांवर आदळतं हे दाखवता आलं, तर हा प्रश्न येत नाही.

नियम काय म्हणतो

महाविद्यालयीन शिक्षकांच्या अध्ययन रजेचा पाया म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली. शाळेतल्या शिक्षकांना वेगळे नियम लागू होतात, त्यामुळे इथले आकडे त्यांनी आपले समजू नयेत. महाविद्यालयातल्यांनीही आपल्या विद्यापीठाचे परिनियम आणि राज्याचे शासन निर्णय सोबत वाचावेत. नियमावलीत बरंच काही आहे, पण आखणीच्या दृष्टीने चार-पाच गोष्टी जीव लावून वाचण्यासारख्या आहेत.

सहायक प्राध्यापकाची सलग तीन वर्षं सेवा झालेली हवी. रजेवरून परतल्यावर निवृत्तीला पाच वर्षं तरी उरलेली हवीत. अर्जाला कामाचा पूर्ण आराखडा जोडायचा असतो. पीएच.डी.साठी एका वेळी एकूण कायम शिक्षकांच्या वीस टक्क्यांपर्यंतच लोकांना रजा देता येते. आमच्याकडे बावीस कायम शिक्षक, म्हणजे चार जागा. त्यातली एक आधीच भरलेली होती आणि गणित विभागातले एक सर अर्जाच्या तयारीत होते. हा हिशेब मला कार्यालयातून सप्टेंबरातच कळला, आणि अर्ज दिवाळीआधी द्यायचा हे तिथेच ठरलं.

आणखी एक कलम आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. पीएच.डी. मिळवण्यासाठी घेतलेला काळ अध्यापनाचा अनुभव म्हणून धरला जात नाही. कोणतीही रजा न घेता, शिकवत शिकवत संशोधन केलं तर मात्र तो काळ पदोन्नतीसाठी अनुभव म्हणून मोजला जातो. म्हणजे रजेचं वर्ष वेतनवाढीला आणि निवृत्तिवेतनाला अडवत नसलं, तरी पुढच्या श्रेणीत जाण्याची तारीख लांबवू शकतं. ज्यांची पदोन्नती सहा-आठ महिन्यांवर आली आहे त्यांनी आधी ती पदरात पाडून घ्यावी आणि मग रजेचा अर्ज करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सप्टेंबर ते फेब्रुवारी: अर्जाचा प्रवास

सप्टेंबर २०२२ मध्ये मी तीन कागद गोळा केले. मार्गदर्शकांचं शिफारसपत्र, संशोधन सल्लागार समितीने मान्य केलेला शेवटचा सहामाही प्रगती अहवाल, आणि विभागाचं कार्यभार विवरण. तिसरा कागद कुणी मागत नाही, पण तोच अर्जाला पुढे नेतो. सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला सोळा तासांचा. माझे सोळा तास कोण घेणार, हे मी अर्जातच मांडलं: सहा तास विभागप्रमुख सर त्यांच्या आवडीच्या विषयाचे म्हणून घेणार होते, उरलेल्या दहासाठी तासिका तत्त्वावरचा शिक्षक नेमायचा. सरांशी आधी बोलून, त्यांची लेखी संमती घेऊन.

१० ऑक्टोबरला अर्ज दिला आणि तिसऱ्याच दिवशी तो परत आला. चूक माझी होती. मी रजा २ मे २०२३ पासून मागितली होती, कारण मेची फेरी मला त्यात धरायची होती. कार्यालय अधीक्षकांनी समोर बसवून समजावलं, "मॅडम, मेची सुट्टी तुमचीच आहे. ती रजेत कशाला घालवता?" नियमही तेच सांगतो. दीर्घ सुट्टीला जोडून अध्ययन रजा घेतली तर ती सुट्टी संपल्यावर सुरू झाली असं मानतात. आमची उन्हाळी सुट्टी १५ जूनला संपत होती. मी तारीख बदलून १६ जून २०२३ ते १५ जून २०२४ अशी केली आणि मला जवळजवळ सहा आठवडे जास्तीचे मिळाले. शिवाय मेची एक फेरी रजेच्या आधी आणि एक रजेच्या शेवटी, अशा दोन उन्हाळी नोंदी हाती येणार होत्या. एका तारखेच्या दुरुस्तीने माझ्या प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण उभं राहिलं.

नोव्हेंबरच्या शेवटी महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत विषय आला, डिसेंबरात संस्थेच्या नियामक मंडळापुढे. अनुदानित महाविद्यालयात इथे थांबून चालत नाही. पगार शासनाचा असल्याने प्रस्ताव विभागीय उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे जातो आणि तिथून पत्र आल्याशिवाय रजेतला पगार धरता येत नाही. प्रस्ताव जानेवारीत गेला. एकदा त्रुटी निघाली, सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची साक्षांकित प्रत राहिली होती. ती दिल्यावर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मंजुरी आली. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पाच महिने. जानेवारीत अर्ज करून जूनमध्ये जाऊ म्हणणाऱ्यांनी हा काळ मोजून बघावा. लवकर अर्ज करण्यात तोटा काहीच नाही, कारण मंजुरीनंतर बारा महिन्यांत केव्हाही रजेवर जाता येतं. बारा महिने उलटले तर मात्र मंजुरी रद्द झाली असं समजतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मार्च: दोन जामीन

मंजुरी मिळाली म्हणजे झालं, असं मला वाटलं होतं. मग बंधपत्राचा मसुदा हातात पडला. रजेवरून परतल्यावर किमान तीन वर्षं याच संस्थेत सेवा करीन, न केल्यास रजेतला पगार आणि भत्ते परत करीन, असं लिहून द्यायचं. आणि त्या रकमेला तारण द्यायचं. तारण म्हणून स्थावर मालमत्ता, विमा कंपनीचा हमी बाँड, बँकेची हमी, नाहीतर दोन कायम शिक्षकांची जामिनकी.

रक्कम किती, हे आधी कागदावर मांडलेलं बरं. माझं मूळ वेतन तेव्हा ६६,८०० रुपये होतं. ४२ टक्क्यांनी महागाई भत्ता २८,०५६ रुपये, आणि नऊ टक्क्यांनी घरभाडं ६,०१२. महिन्याचे एक लाख आठशे अडुसष्ट. वर्षाचे बारा लाखांच्या वर. मी सोडून गेले किंवा काम पुरं केलं नाही, तर एवढ्या रकमेसाठी दोन सहकाऱ्यांच्या दारात कागद जाणार.

हे मागणं सोपं नसतं. मी मराठीच्या मॅडमना आणि ग्रंथपाल सरांना विचारायचं ठरवलं, पण आधी कार्यालयाला विचारून घेतलं, की ग्रंथपाल यात शिक्षक म्हणून चालतात का. सांगितलं, की आम्ही जोखीम घेणार नाही, शिक्षकच आणा. मग अर्थशास्त्राचे सर. दोघांच्या घरी जाऊन, त्यांच्या घरच्यांसमोर बंधपत्र पूर्ण वाचून दाखवलं. अर्थशास्त्राच्या सरांच्या पत्नीने एकच प्रश्न विचारला: "यांची निवृत्ती २०२६ ला आहे, मग पुढे काय?" आमच्या कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. माझं बंधपत्र २०२७ पर्यंत चालणार होतं. कायम शिक्षकच राहिला नाही तर जामीन बदलून द्यावा लागेल, तेव्हा आत्ताच दुसरा शोधावा, असं ठरलं आणि वनस्पतिशास्त्राच्या एका तरुण सरांनी सही केली. जामीन निवडताना त्याच्या निवृत्तीची तारीख बघावी, हे कुठल्या परिपत्रकात मला सापडलं नाही.

एप्रिल-मे: काम हातावेगळं करणं

रजा फोनमुळे वाया जाते. 'मॅडम, फक्त दोन मिनिटं' अशा फोनांनी. आणि प्रत्येक फोनामागे हस्तांतरणात राहून गेलेलं काहीतरी असतं. म्हणून मी १० एप्रिलपासून रोज एक तास याच कामाला ठेवला.

सगळ्यात वेळखाऊ निघालं डेडस्टॉक रजिस्टर. भूगोलाच्या प्रयोगशाळेचा साठा माझ्या सहीचा होता: डंपी लेव्हल, प्लेन टेबल, दोन जीपीएस संच, भूपट, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीट. रजिस्टरात टोपोशीट चौऱ्याऐंशी, कपाटात एक्याऐंशी. तीन शीट शोधण्यात चार दिवस गेले. त्या ४७ के मालिकेतल्या, म्हणजे आमच्याच भागाच्या, आणि माझ्याच घरी पीएच.डी.च्या फाइलमध्ये होत्या. मी त्या परत केल्या आणि रीतसर ग्रंथालयातून स्वतःच्या नावावर प्रती काढून घेतल्या. वस्तू प्रत्यक्ष मोजूनच ताबा द्यावा. रजिस्टरातली बेरीज बघून सही करणाऱ्याला पुढच्या तपासणीत उत्तर देता येत नाही.

दुसरं काम माहितीचं. नॅकच्या वार्षिक गुणवत्ता अहवालासाठी विभागाची माहिती लागते, आणि २०२२-२३ ची ती माहिती मागितली जाणार होती माझ्या रजेच्या ऐन मध्यात. मी मेमध्येच विभागाच्या बारा महिन्यांच्या कार्यक्रमांचे अहवाल, हजेरीपत्रकं, छायाचित्रं आणि निकालाचं विश्लेषण एका फोल्डरमध्ये लावून विभागप्रमुखांना दिलं. विभागाच्या मेलचा पासवर्डही त्यांच्याच ताब्यात. या एका फोल्डरने माझा डिसेंबर वाचवला.

तिसरं, परीक्षा. विद्यापीठाकडून प्रश्नपत्रिका काढण्याच्या आणि मूल्यमापनाच्या नेमणुका नावावर येतात. प्राचार्यांच्या सहीने परीक्षा विभागाला रजेचं पत्र मेमध्ये दिलं, की या काळात माझं नाव कुठल्याही यादीत धरू नये. अंतर्गत गुण १२ मेला भरून त्याची छापील प्रत घेतली.

आणि मुलं. माझ्या पालकत्वाखाली तेवीस विद्यार्थी होते. त्यांची नुसती यादी देऊन भागत नाही. कुणाची शिष्यवृत्ती अडकली आहे, कोण घरचं बघून शिकतंय, कुणाला लिहायचा त्रास आहे, हे मी प्रत्येकाच्या नावापुढे दोन ओळींत लिहून दिलं. पुढच्या सत्रासाठी पहिल्या सहा आठवड्यांची पाठांची आखणीही लिहून ठेवली, कारण तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीला जाहिरात, मुलाखत, मान्यता असे टप्पे असतात आणि तास त्याआधीच सुरू होतात. आमच्याकडे नवे शिक्षक ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आले. तोवर सरांनी त्याच आखणीवर वर्ग चालवले.

१५ मे ते ३० मे या काळात छत्तीस विहिरींची पहिली उन्हाळी फेरी झाली. १५ जूनला कार्यमुक्तीचा आदेश हातात घेतला आणि सेवापुस्तकात नोंद झाली की नाही ते स्वतः बघितलं.

जून ते सप्टेंबर: पावसात लेखन

पावसाळ्यात पातळी रोज हलते, तेव्हा मोजणीला अर्थ नसतो. म्हणून ही जागा मी लेखनाला दिली होती. जूनचे उरलेले पंधरा दिवस मेच्या नोंदी स्वच्छ करण्यात गेले. जुलैत प्रास्ताविक प्रकरण, ऑगस्टात पूर्वसंशोधनाचा आढावा. रोज सकाळी साडेसहा ते साडेदहा, घरी, दार लावून. दुपारनंतर लेखन होत नाही हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, तेव्हापासून दुपार वाचनाला.

त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ठरला. माणदेशात त्याचा अर्थ काय, ते सांगायला नको. ऑगस्टच्या शेवटी गावांत गेले तर काही विहिरींनी मेचाच तळ धरलेला होता. मला माझ्या आराखड्यात एक बदल करावा लागला: एका वर्षाच्या नोंदींवरून निष्कर्ष न काढता शासकीय निरीक्षण विहिरींच्या मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करायची. विषय तोच, पद्धतीत भर. तरीही मी मार्गदर्शकांचं पत्र घेऊन प्राचार्यांना लेखी कळवलं, कारण रजेवर असताना मंजूर अभ्यासक्रमात परवानगीशिवाय मोठा बदल करता येत नाही. मोठा कोणता आणि लहान कोणता याचा वाद पुढे नको. सप्टेंबर महसूल मंडळांच्या पर्जन्याच्या नोंदी आणि पीक पेऱ्याचे आकडे मिळवण्यात गेला.

ऑक्टोबर ते जानेवारी

ऑक्टोबरची फेरी ९ ते २२ तारखेपर्यंत. दिवसाला तीन-चार विहिरी, आणि चौदा दिवसांतले तीन दिवस मुद्दाम मोकळे ठेवलेले. त्या मोकळ्या दिवसांचं मोल मला खटावातल्या एका विहिरीवर कळलं. मोजपट्टीला बांधलेलं वजन सोडलं, पाण्याला लागल्याचा आवाज आला, कठड्याची उंची वजा केली. जमिनीपासून ९.४ मीटर. आजूबाजूच्या दोन विहिरी सहा-सव्वासहा मीटरवर होत्या. मी वहीत लिहायला लागले तेवढ्यात मालक आले. "बाई, मोटर आत्ताच बंद केलीय. रातभर चालू होती. लायटीची पाळी रातची हाय ना." उपसा चालू असताना किंवा नुकताच थांबल्यावर मोजलेली पातळी ही विहिरीची पातळी नसते. मी त्यांना मोटर एक दिवस बंद ठेवायची विनंती केली आणि मोकळ्या ठेवलेल्या दिवशी पहाटे पुन्हा गेले. ६.३ मीटर. त्यानंतर प्रत्येक गावची वीजपुरवठ्याची पाळी आधी विचारूनच फेरी आखली. तो मोकळा दिवस नसता, तर ९.४ हा आकडा तसाच प्रबंधात गेला असता.

नोव्हेंबरात दिवाळी घरच्यांची. मी दहा दिवस वही उघडली नाही आणि आखणीतच ते दहा दिवस धरले होते.

डिसेंबरची तारीख चुकवून चालत नाही. रजेचे पहिले सहा महिने १५ डिसेंबरला पुरे झाले. दर सहा महिन्यांनी मार्गदर्शकांचा प्रगती अहवाल महाविद्यालयात द्यावा लागतो, आणि तो सहा महिने संपल्यापासून एक महिन्याच्या आत पोहोचावा लागतो. माझ्यासाठी १५ जानेवारी २०२४. अहवाल वेळेत पोहोचला नाही तर पगार रोखून ठेवता येतो. मार्गदर्शक डिसेंबरअखेर परिषदेला परगावी जाणार होते, म्हणून मी संशोधन सल्लागार समितीचं सादरीकरण ११ डिसेंबरलाच मागून घेतलं आणि समितीच्या इतिवृत्ताची प्रत अहवालाला जोडली. १८ डिसेंबरला आवक क्रमांकासह पोच घेतली. आवक क्रमांक नसलेला कागद कार्यालयाच्या दृष्टीने दिलेलाच नसतो.

जानेवारीची फेरी निर्विघ्न पार पडली.

फेब्रुवारी ते जून: उतरती बाजू

फेब्रुवारीत नकाशे, मार्चमध्ये चौथी फेरी, एप्रिलमध्ये विश्लेषणाची दोन प्रकरणं. एप्रिलमध्ये एक गोष्ट मी आखणीत धरली नव्हती. लोकसभेची निवडणूक आली. आमच्या भागात मतदान ७ मेला होतं, आणि निवडणूक कर्मचाऱ्यांच्या यादीत माझं नाव प्रशिक्षणाच्या आदेशासकट आलं. यादी महाविद्यालयाच्या वेतनपटावरून गेली होती आणि वेतनपटावर मी होतेच. रजा मंजुरीचा आदेश, कार्यमुक्तीचा आदेश आणि प्राचार्यांचं पत्र घेऊन मी दोन दिवस घालवले, तेव्हा नाव वगळलं गेलं. हे तीन कागद प्रत्येकी पाच प्रतींत घरी ठेवावेत. मेची फेरी मग १० मेपासून सुरू केली, कारण त्याआधी गावात कुणाला विहिरीपाशी थांबायला सवड नव्हती.

परत येण्याची तयारीही एप्रिलमध्येच सुरू केली. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम लागणार होता आणि कार्यभाराची वाटणी त्याच महिन्यात होत होती. रजेवरच्या माणसाला बैठकीला बोलावत नाहीत. मी सरांना विचारून त्यांच्याकडून मसुदा मागवला आणि कोणते विषय घेऊ शकेन ते लेखी कळवलं. हे केलं नसतं तर उरलेले तास माझ्या वाट्याला आले असते.

१५ जून २०२४ ला रजा संपली. १६ ला रविवार, १७ ला बकरी ईदची सुट्टी, म्हणून १८ जूनला सकाळी रुजू अहवाल दिला. आधी कार्यालयाला विचारलं होतं, की रजेला लागून आलेल्या सुट्ट्या जोडता येतील का, आणि होकार लेखी घेतला होता. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचा साठा मोजून परत ताब्यात घेतला, या वेळी चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी टोपोशीट. दुसरा सहामाही अहवाल १२ जुलैला दिला, आणि त्यानंतर रजेच्या पूर्ण काळाचा सविस्तर अहवाल. त्या वर्षात झालेलं संशोधन सर्वांना बघता यावं, अशी नियमाची अपेक्षा असते, म्हणून छत्तीस विहिरींच्या पाचही फेऱ्यांचा तक्ता महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवला, मालकांची नावं गाळून. छापील प्रती बारा ग्रामपंचायतींना दिल्या. खटावातल्या त्या मालकांनी आपली विहीर क्रमांकावरून ओळखली आणि दोन मेंच्या आकड्यांवर बोट ठेवून विचारलं, की एका वर्षात दीड मीटर खाली गेली, ती परत कधी चढंल?

प्रबंधाची सहा प्रकरणं रजेत लिहून झाली, सातवं उरलं. पूर्वसादरीकरण, साहित्यचौर्य तपासणी, बाहेरच्या दोन परीक्षकांचे अहवाल, मौखिक परीक्षा हे सगळं शिकवता शिकवता करायचं. माझ्या बंधपत्राची मुदत १७ जून २०२७ ला संपते. मराठीच्या मॅडमनी आणि वनस्पतिशास्त्राच्या सरांनी ती तारीख आपापल्या डायरीत लिहून ठेवलेली आहे, मी त्यांना आपण होऊन लिहून दिली.